हळद, गरम तेल आणि ओटा: ग्रॅनाईट घ्यावा की क्वार्ट्ज?

आमचं घर देवगडजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. घरात सात माणसं, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की पंधरा-वीस. रोज मासे तळणं, दोन वेळा फोडण्या, हळद सढळ हाताने. ओटा नवीन करायचाय. मुलाला पांढराशुभ्र क्वार्ट्ज हवाय, मिस्त्री म्हणतो काळा ग्रॅनाईटच टाका. ग्रॅनाईट तेल पितो आणि पिवळा पडतो असंही ऐकलंय. नेमकं काय घ्यावं?

शेगडीच्या दोन्ही बाजूंना आणि सिंकपर्यंत काळा, घट्ट दाण्याचा ग्रॅनाईट घ्या. मुलाचं मन राखायचं असेल तर शेगडीपासून लांब, जिथे ताटं वाढून ठेवता किंवा भाजी निवडता, तिथे क्वार्ट्ज लावा. तोही पांढरा नको, राखाडी किंवा वाळूच्या रंगाचा. वीस-बावीस वर्षं मी राजापूर ते वेंगुर्ला या पट्ट्यात ओटे बसवतोय, आणि पांढऱ्या क्वार्ट्जवर फोडणी करणाऱ्या घरांतून मला जितके फोन आलेत तितके काळ्या दगडाच्या घरांतून आलेले नाहीत. पण तुम्ही ऐकलेलं सगळंच चूक नाही. तेल पिणारे ग्रॅनाईट असतात, म्हणून आधी डागाकडेच नीट बघू.

हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. मासे हळद-मीठ लावून धुतले आणि ते पाणी ओट्यावर सांडलं, तर फडक्याने पुसलं की काम झालं. पण कढईतून उडालेला फोडणीचा थेंब वेगळा. त्यात रंग तेलात पूर्ण उतरलेला असतो आणि गरम तेल पातळ असल्यामुळे मिळेल त्या बारीक फटीत शिरतं. आत गेल्यावर ते थंड होतं, घट्ट होतं आणि तिथेच बसतं. त्यामुळे हळद डाग पाडते का, यापेक्षा दगडात तेल शिरायला जागा आहे का, हे बघायचं.

ग्रॅनाईट हा नैसर्गिक दगड, खनिजांचे दाणे एकमेकांत गुंतून बनलेला. दाण्यांच्या मधे सूक्ष्म फटी असतात आणि त्या प्रत्येक दगडात सारख्या नसतात. बाजारात 'काळा ग्रॅनाईट' म्हणून मिळणारे बरेच दगड भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाईट नाहीतच, ते गॅब्रो किंवा डोलेराईट जातीचे असतात. आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून येणारा, आत सोनेरी कण चमकणारा ब्लॅक गॅलेक्सी त्यातलाच. हे दगड इतके घट्ट असतात की तेल वर तसंच उभं राहतं. उलट काश्मीर व्हाईट नावाचा दगड घ्या. त्याचा काश्मीरशी संबंध नाही, तो तमिळनाडूचा. दिसायला देखणा, पण तेल सांडलं की चटकन पितो आणि काळपट डाग धरतो. 'ग्रॅनाईट तेल पितो' हे ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांच्या घरात बहुधा असाच फिका दगड असणार.

क्वार्ट्जची गोष्ट निराळी. तो खाणीतून स्लॅब होऊन येत नाही, कारखान्यात बनतो. क्वार्ट्ज खनिजाचा चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि तो धरून ठेवायला सात ते दहा टक्के रेझिन, बहुतेक पॉलिएस्टरचं. हे आकडे वजनाचे. रेझिन हलकं असल्यामुळे जागेच्या हिशेबाने ते साधारण सहावा हिस्सा भरतं. म्हणजे ओट्यावर हात फिरवला की थोडाफार हात प्लॅस्टिकवरूनही फिरतो. फटी जवळजवळ नसतात, म्हणून तेल आत खोल जात नाही, आणि 'डागच पडत नाही' हे विक्रेत्याचं वाक्य तिथूनच येतं. पण तुमच्या मिक्सरचं झाकण बघा. त्यालाही फटी नसतात, तरी ते पिवळं झालेलं असतं. क्वार्ट्ज झाकणाइतका पिवळा पडत नाही, त्याचा कारखान्यातला पॉलिश चांगला असतो. मात्र जिथे तो पॉलिश नाही, म्हणजे कापलेली कड, सिंकच्या भोकाची आतली बाजू, ओट्यात बसवायच्या शेगडीची म्हणजे हॉबची खाच, तिथे रंग धरायला त्याला वेळ लागत नाही.

मालवणकडच्या एका घरगुती खानावळीचा ओटा सांगतो. चूक माझीही होती, मालकीणबाईंच्या आग्रहापुढे मी मान डोलावली होती. नऊ फुटांचा पांढरा क्वार्ट्ज, मधे तीन बर्नरचा हॉब, रोज पंचवीस-तीस पानं. सहा महिन्यांनी फोन आला, "ओटा पिवळा पडला, या आणि बघा." माल पुरवणाऱ्या दुकानदाराने हात वर केले होते, म्हणे हा वापरणाऱ्याचा दोष. मी गेलो तर पिवळेपणा एक नव्हता, तीन तऱ्हांचा होता.

कुठला पिवळा कसला, हे ओळखायची युक्ती आपल्याकडे घरातच असते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच बनतं. पानाच्या डब्यातला चण्याएवढा चुना वाटीभर पाण्यात ढवळून ठेवला आणि वरची निवळी कापसाने डागावर टेकवली. हॉबच्या पुढच्या कडेचा डाग बघता बघता तांबूस झाला, म्हणजे तो हळदीचा. लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतलं. डाव्या बर्नरच्या मागे एक चंद्रकोरीसारखा पट्टा होता, तो पिवळा-तपकिरीच राहिला, जराही बदलला नाही. नख फिरवलं तर तिथे पृष्ठभाग खरबरीत लागत होता. तो डाग नव्हता, रेझिन भाजलं होतं. तिसरा पिवळा टाईल्स आणि ओटा यांच्या जोडात. तिथे व्हाईट सिमेंट भरलेलं, आणि सिमेंटमध्ये स्वतःचाच चुना असल्यामुळे हळद मी काही न करताच विटकरी झाली होती.

पहिला डाग गेला. आधी भांड्यांच्या लिक्विड साबणाने तेल काढलं, कारण तेल असेपर्यंत बाकी काही आत पोचत नाही. मग औषधाच्या दुकानात मिळणारं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड टिश्यू पेपरवर भिजवून डागावर ठेवलं, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि दोन-तीन तासांनी धुऊन टाकलं. तीन दिवस हेच केलं. दुपारच्या वेळी खिडकी उघडी ठेवायला सांगितली, कारण हळदीचा रंग उजेडात विटतो. पिवळं झालेलं धोतर उन्हात वाळत घातलं की फिकं पडतं, तेच. चौथ्या दिवशी तिथे डाग होता हे मलाही शोधायला लागलं. मात्र म्हणून क्वार्ट्जचा ओटा उन्हात ठेवू नका. त्याचं रेझिन रोजच्या उन्हाने स्वतःच पिवळं पडतं, त्यामुळे मागच्या पडवीतल्या किंवा उघड्यावरच्या ओट्याला क्वार्ट्ज अजिबात नको.

मालकीणबाईंनी मला फोन करण्याआधी एक गोष्ट केली होती, ती बहुतेक घरांत होते. धुण्याचा सोडा टाकून घासलं. डाग लाल झाला, त्या घाबरल्या, मग ब्लीच ओतलं आणि हिरव्या घासणीने रगडलं. हाताच्या पंजाएवढ्या जागेचा चकाकता पॉलिश गेला तो गेलाच. कडक खाराने आणि ब्लीचने रेझिन मरतं. ग्रॅनाईटचा पॉलिश उतरला तर कणकवली किंवा रत्नागिरीतून मशीन घेऊन माणूस येतो आणि जागेवर चढवून देतो. क्वार्ट्जचा कारखान्यातला पॉलिश जागेवर तसाच आणणं जवळजवळ जमत नाही, भोवतालच्या भागाशी तो कधीच मिळत नाही.

चंद्रकोरीला इलाज नव्हता. ती कशी पडली ते विचारल्यावर कळलं. भाताचा मोठा टोप, बुडाने बर्नरच्या बराच बाहेर जाणारा. ज्वाला टोपाखालून बाहेर वळून मागच्या पट्ट्याला तापवत राहायची, सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. शिवाय भाकऱ्या झाल्या की तवा उचलून तिथेच टेकवायचा. क्वार्ट्ज बनवणारे साधारण दीडशे अंश सेल्सिअसची मर्यादा सांगतात, तीही थोड्या वेळापुरती, आणि गरम भांडं थेट ठेवूच नका असंही सांगतात. मासे तळताना तेलच 170-180 अंशांवर असतं आणि भाकरीचा तवा त्याच्याही वर. म्हणजे आपल्या रोजच्या स्वयंपाकातली कढई आणि तवा, दोन्ही मर्यादेच्या बाहेर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोन माणसांचा कुकर लावणाऱ्या घरात हाच क्वार्ट्ज दहा वर्षं छान राहील. खानावळीत नाही, आणि चाकरमानी आल्यावरच्या तुमच्या घरातही नाही.

शेवटी हॉबचा साडेतीन फुटांचा तुकडा कापून काढला आणि तिथे स्टील ग्रे ग्रॅनाईट बसवला. दोन्ही बाजूंना पांढरा क्वार्ट्ज तसाच ठेवला. दिसायला वाईट दिसेल अशी भीती होती, पण लोकांना ती मुद्दाम केलेली रचना वाटते. आता मी तेच आधीपासून सुचवतो.

तो तुकडा कापताना मी ग्राइंडरवर पाणी सोडायला एक पोरगा उभा केला होता. क्वार्ट्जच्या कोरड्या धुळीत सिलिकाचं प्रमाण फार मोठं असतं आणि ती फुप्फुसात बसते. ऑस्ट्रेलियाने तर या कारणासाठी 1 जुलै 2024 पासून असा कृत्रिम दगड वापरायलाच बंदी घातली. तुमच्या घरात कुठलाही दगड कापायचा असेल तर अंगणात, पाणी सोडून कापायला लावा. ग्रॅनाईटची धूळही चांगली नव्हे.

आता ग्रॅनाईट निवडताना काय बघायचं ते. गोडाऊनमध्ये नाव विचारू नका, तुकडा मागा. प्रत्येकाकडे कटिंगचे तुकडे पडलेले असतात. घरी आणा, एक पळी तेल तापवा, त्यात पाव चमचा हळद टाका आणि तो गरम थेंब तुकड्यावर सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी साबणाने धुऊन उजेडात बघा. मी एकदा स्टील ग्रे, काश्मीर व्हाईट आणि पांढरा क्वार्ट्ज असे तीन तुकडे शेजारी ठेवून हे केलं होतं. स्टील ग्रेवर काही नाही. क्वार्ट्जच्या वरच्या बाजूवर जेमतेम सावली, पण कापलेल्या कडेवर चांगला पिवळा ओघळ. काश्मीर व्हाईटवर रुपयाएवढा काळपट गोल आणि त्याच्या मधे पिवळं. तो तुकडा फोडला तर तेल आत उतरलेलं दिसलं. दुकानदाराच्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा हा तुकडा तुम्हाला जास्त सांगेल.

काळा घेताना एक फसवणूक होते ती ओळखा. राखाडी, स्वस्त दगड काळ्या रंगात बुडवून आणि वर तेल चोळून 'जेट ब्लॅक' म्हणून विकतात. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं अ‍ॅसिटोन घ्या, नेलपॉलिश काढायचं चालेल, आणि मिनिटभर जोर लावून घासा. फडकं काळं झालं तर तो दगड सोडा. असा दगड सिंकभोवती आणि लिंबू-कोकम सांडेल तिथे सहा-आठ महिन्यांत ठिपक्याठिपक्यांनी राखाडी होतो. गिऱ्हाइकाला वाटतं कोकमाने दगड खाल्ला. खऱ्या काळ्या दगडाला आगळ काही करत नाही, उडतो तो फक्त वरून चढवलेला रंग.

फिका ग्रॅनाईट कोकणात टाळावा असं मी म्हणतो त्याला तेलाशिवाय आणखी एक कारण आहे. आपल्याकडे ओटा अजून बऱ्याच ठिकाणी कडप्प्याच्या उभ्या फाड्यांवर, सिमेंटच्या थरात बसवतात, आणि मागची भिंत जांभ्याची. आषाढ-श्रावणात भिंत ओलावा धरते, तो ओलावा थरातून दगडात खालून चढतो. फिक्या दगडात लोह असेल तर त्याला आतल्या आत गंज येतो आणि वर पिवळे-तांबूस ढग दिसायला लागतात. गुहागरच्या एका घरात सासू-सुनेत हळदीवरून वाद झालेला मी पाहिलाय. चुन्याची निवळी लावली, डाग ढिम्म हलला नाही. डाग होता फ्रिजच्या बाजूला, जिथे कधी हळद पोचलीच नव्हती. बिचाऱ्या सुनेचा काही दोष नव्हता! असा डाग पेरॉक्साईडने जात नाही, आणि दुसऱ्या कशाने काढला तरी ओलावा थांबेपर्यंत परत येतच राहतो.

दगडाच्या फटी बुजवणारा सीलर लावावा का, हे पुढे विचाराल. घट्ट काळ्या दगडाला नको. तो आत जात नाही, वर धुरकट थर धरून बसतो आणि मग तुम्हाला दगडच मळका वाटतो. राखाडी किंवा मध्यम दगड घेतला, आणि तुकड्यावरच्या परीक्षेत किंचित सावली राहिली, तर मात्र लावा. डब्यावर तेलालाही अडवतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. स्वस्त सीलर फक्त पाणी अडवतात. पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, आपण खूश होतो, आणि फोडणीचा थेंब मुकाट आत जातो. लावायचा तो डिसेंबर ते मार्चमध्ये, ओटा दोन दिवस कोरडा ठेवून. कापडाने पसरवायचा, डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, थांबायचं आणि उरलेला सगळा पुसून काढायचा. पावसाळ्यात दगडाच्या फटी ओलाव्याने भरलेल्या असतात, तेव्हा लावलेला सीलर म्हणजे पैसे समुद्रात.

आणि फिक्या दगडात तेल गेलंच, तर तेही काढता येतं. खडूची पूड किंवा मुलतानी माती अ‍ॅसिटोनमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवा, डागावर अर्धा सेंटिमीटर थर द्या, प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. शेगडी बंद, गॅसचा कॉक बंद, खिडक्या उघड्या, कारण अ‍ॅसिटोन पेट घेतं. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून थर सुकू द्या. सुकताना तो तेल वर ओढतो. खरवडून बघा, जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. हे क्वार्ट्जवर करू नका, इतका वेळ अ‍ॅसिटोन ठेवणं रेझिनला मानवत नाही.

बसवताना मिस्त्रीला दोनच गोष्टी बजावा. हॉबच्या भोकाचे चारही कोपरे गोल हवेत. आधी कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडून मग सरळ कापायचं. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून चीर सुटते, मग तो ग्रॅनाईट असो की क्वार्ट्ज, आणि भोकाच्या पुढे-मागे उरणारी अरुंद पट्टी दगडाची सगळ्यात कमजोर जागा असते. उकळता टोप उतरवताना किंवा मोठा नारळ ओट्यावर आपटून फोडताना चीर जाते ती तिथेच. दुसरं, टाईल्सच्या जोडात व्हाईट सिमेंट भरू देऊ नका. राखाडी इपॉक्सी ग्राऊट भरा. सिलिकॉन वापरायचं झालं तर दगडासाठीचं वेगळं मिळतं तेच आणा, साध्या सिलिकॉनमधलं तेल दगडाच्या कडेत झिरपून काळी रेघ उमटवतं.

फिनिश पॉलिशच ठेवा. लेदर फिनिश हाताला छान लागतो, पण त्याच्या खळग्यांत तांदळाचं पीठ, तेल आणि हळद मिळून जो राप चढतो तो काढायला रोज ब्रश घ्यावा लागतो, आणि तुमच्याकडे तळणीचं प्रमाण बघता मला ते झेपेलसं वाटत नाही.

हॉबच्या भोकातून निघालेला दगडाचा चौकोन मिस्त्री बहुधा टेम्पोत टाकून नेतो. तो मागून घ्या, कडा घासून घ्या आणि खाली रबराची बुटं चिकटवा. तवा आणि कढई त्याच्यावर उतरवा, आणि बाजारातून नवीन काही क्लीनर आणलं तर आधी त्याच्या मागच्या बाजूवर करून बघा.